दोघांचाही श्वास वाढला होता, मग रक्त दोन दिशांना का गेलं?

प्रश्न : आम्ही हुडकेश्वर रोडवर, म्हाळगीनगर चौकाच्या पुढे राहतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. मागच्या उन्हाळ्यात दोन गोष्टी महिन्याभराच्या अंतरानं घडल्या. ‘नीट’च्या आदल्या रात्री माझी मुलगी घाबरून जोरजोरात, खोल श्वास घेऊ लागली. पाच-सात मिनिटांत ओठांभोवती आणि बोटांत झिणझिण्या आल्या, अंगठे तळव्यात वळले, बोटं ताठली. शेजारच्या काकू तोंडावर धरायला कागदी पिशवी घेऊन धावल्या. आमच्या डॉक्टरांनी पिशवी बाजूला ठेवायला सांगितलं, तिला तपासलं, बोलतं केलं आणि श्वास हळू सोडायला लावला. अर्ध्या तासात पोर ठीक झाली. दुसरी गोष्ट आमच्याच गल्लीतल्या तेरा वर्षांच्या मुलाची. दोन दिवस उलट्या, पोटदुखी, सारखी तहान. मे महिना असल्यामुळे सगळ्यांना वाटलं, ऊन लागलं. कैरीचं पन्हं पाजलं. तिसऱ्या दिवशी तोही असाच खोल, भराभर श्वास घेऊ लागला. त्याला मात्र थेट अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. त्याच्या कार्डावर पीएच ७.२२, कार्बन डायऑक्साइड २०, बायकार्बोनेट ८ असं लिहिलं होतं. माझे तीन प्रश्न आहेत. श्वास दोघांचाही वाढला होता, मग एकाला धीर आणि दुसऱ्याला अतिदक्षता विभाग, असं का? आम्ही मुलांना शिकवतो की बफर आपल्या पीकेएच्या आसपासच चांगलं काम करतो. रक्तातल्या या बफरचा पीकेए ६.१ आणि रक्ताचा पीएच ७.४, मग हा बफर चालतो तरी कसा? आणि ती पिशवी धरली असती तर काय बिघडलं असतं?

— एक वाचक, हुडकेश्वर, नागपूर

उत्तर : ताई, कार्डावरचे आकडे तुम्ही जपून उतरवून पाठवलेत म्हणून हे उत्तर नीट देता येतंय. तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच समीकरणात आहेत आणि ते समीकरण तुम्ही वर्गात फळ्यावर लिहिता तेच आहे. फक्त तुमचं भांडं काचेचं आणि बंद असतं. रक्ताचं भांडं वरून उघडं असतं, फुप्फुसांतून. सगळा फरक तिथून सुरू होतो.

आधी समीकरण. कार्बन डायऑक्साइड रक्ताच्या पाण्यात विरघळतो, थोडं कार्बोनिक आम्ल होतं आणि त्यातून हायड्रोजन आयन व बायकार्बोनेट सुटतात. हार्वर्डच्या लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ साली या समतोलाचं गणित मांडलं. सोरेनसेन यांची पीएच मोजपट्टी त्यानंतर वर्षभरानं, १९०९ मध्ये, कोपनहेगनहून आली. त्याच शहरातल्या हासेलबाल्ख यांनी १९१६ मध्ये हेंडरसनचं गणित लॉगमध्ये बसवलं. आज रुग्णालयात वापरतात ते रूप असं :

```
pH = 6.1 + log( [HCO3-] / (0.03 × pCO2) )
```

इथे बायकार्बोनेट लिटरमागे मिलिमोलमध्ये आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये घ्यायचा. ०.०३ ही विद्राव्यता आहे : दर एक मिलिमीटर दाबामागे लिटरभर रक्तद्रवात ०.०३ मिलिमोल वायू विरघळतो. ६.१ आणि ०.०३ हे दोन्ही आकडे ३७ अंश तापमानाचे आहेत. निरोगी माणसाचा दाब ४०, म्हणजे विरघळलेला वायू १.२ मिलिमोल. बायकार्बोनेट २४. चोवीस भागिले एक पूर्णांक दोन म्हणजे वीस. विसाचा लॉग १.३०, पीएच ७.४०.

या वीसकडे नीट पाहा. पीएच ना एकट्या बायकार्बोनेटवर ठरतो, ना एकट्या कार्बन डायऑक्साइडवर. तो या दोघांच्या गुणोत्तरावर ठरतो. छेद, म्हणजे वायू, फुप्फुसांच्या हाती आहे आणि तो मिनिटांत बदलतो. अंशातलं बायकार्बोनेट मूत्रपिंडं सांभाळतात. त्यांना जुळवून घ्यायला तास नव्हे, दिवस लागतात.

लॉग नको असेल तर हेंडरसनचं मूळ रूप आणखी सोपं आहे. रक्तातल्या हायड्रोजन आयनांचं प्रमाण लिटरमागे नॅनोमोलमध्ये हवं असेल तर :

```
[H+] = 24 × pCO2 / [HCO3-]
```

या सूत्रातला २४ आणि बायकार्बोनेटचा निरोगी आकडा २४ हे सारखे दिसतात तो योगायोग आहे. सूत्रातला आकडा ६.१ आणि ०.०३ यांच्यातून येतो : पीएच ६.१ म्हणजे ७९४ नॅनोमोल, त्याला ०.०३ ने गुणलं की २३.८. विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो. निरोगी माणसात २४ गुणिले ४० भागिले २४, म्हणजे ४० नॅनोमोल. पीएच ७.४० म्हणजे ४० नॅनोमोल, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं तोंडी करता येतं.

आता तुमची मुलगी. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण बारा श्वास घेतो, प्रत्येक श्वास अर्ध्या लिटरचा. त्यातले दीडशे मिलिलिटर घसा आणि श्वासनलिकांतच राहतात, तिथे वायूंची अदलाबदल होत नाही. उरलेले साडेतीनशे वायुकोशांपर्यंत पोचतात. बारा गुणिले साडेतीनशे म्हणजे मिनिटाला ४.२ लिटर खरी कामाची हवा. शरीरात कार्बन डायऑक्साइड तयार होण्याचा वेग तोच राहिला, तर रक्तातला त्याचा दाब या कामाच्या हवेच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. हवा दुप्पट झाली की दाब निम्मा.

मुलगी घाबरली आणि तितकेच खोल श्वास मिनिटाला चोवीस घेऊ लागली असं धरू. कामाची हवा ८.४ लिटर झाली, आणि ती खुर्चीत बसलेली, म्हणजे स्नायू जास्तीचा वायू तयार करत नाहीत. काही मिनिटांत दाब ४० वरून २० कडे उतरतो. त्या रात्री तिचं रक्त कुणी तपासलं नव्हतं, म्हणून मी ठोकताळ्याचे आकडे घेतो. बायकार्बोनेटही थोडं उतरतं, कारण हिमोग्लोबिन आणि इतर प्रथिनं आपल्याजवळचे हायड्रोजन आयन सोडतात आणि ते बायकार्बोनेटशी जुळतात. दाब दहानं उतरला की बायकार्बोनेट साधारण दोननं उतरतं, हा अनुभवाचा नियम. म्हणजे २४ चे २० झाले. वीस भागिले ०.६ म्हणजे ३३.३, लॉग १.५२, पीएच ७.६२. दुसऱ्या सूत्रानं पाहिलं तर २४ गुणिले २० भागिले २०, म्हणजे २४ नॅनोमोल. चाळिसावरून चोवीस. काही मिनिटांत रक्तातले चाळीस टक्के मोकळे हायड्रोजन आयन नाहीसे झाले.

हात वळले ते यामुळेच. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनावर हायड्रोजन आयन बसलेले असतात. रक्तात ते कमी झाले की अल्ब्युमिनवरचे सुटतात आणि त्या रिकाम्या जागांवर कॅल्शियम बसतं. रक्तातलं एकूण कॅल्शियम तेवढंच राहतं, पण मोकळं कॅल्शियम कमी होतं. मोकळं कॅल्शियम कमी झालं की नसा जरा जरा कारणानं पेटतात : आधी ओठ आणि बोटांत झिणझिण्या, मग हातांच्या स्नायूंत पेटके. अंगठा आत, बोटं सरळ आणि जवळजवळ, मनगट वाकलेलं. तुम्ही वर्णन केलं तसंच. अशा वेळी चक्करही येते ती मेंदूतल्या रक्तवाहिन्या आवळल्यामुळे. त्या वाहिन्या कार्बन डायऑक्साइडचा दाब उतरला की अरुंद होतात, आणि दाब निम्मा झाला तर मेंदूला जाणारं रक्तही जवळपास निम्म्यावर येतं. जीव घाबरतो, ‘हवा पुरत नाही’ असं वाटतं, माणूस आणखी जोरात श्वास ओढतो आणि फेरा घट्ट होतो. ऑक्सिजनचा या त्रासाशी संबंध नाही. हिमोग्लोबिन साध्या श्वासातच सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के भरलेलं असतं. जास्त श्वास घेऊन त्यात फारसं काही भरता येत नाही. उलट रक्त आम्लारीकडे झुकलं की हिमोग्लोबिन आपला ऑक्सिजन पेशींना द्यायला जरा हात आखडतं.

आता गल्लीतला मुलगा. त्याचा दाबही २० होता. तुमच्या मुलीसाठी मी धरला तोच. पण त्याचं बायकार्बोनेट ८ होतं. चोवीस गुणिले वीस भागिले आठ : ६० नॅनोमोल. पीएच ७.२२. कार्ड आणि समीकरण तंतोतंत जुळतात. छेद दोघांचा सारखा, अंश वेगळा, आणि रक्त चाळीसच्या दोन बाजूंना.

त्याचं बायकार्बोनेट गेलं कुठे? वर्णनावरून हा टाइप वन मधुमेह दिसतो, बहुधा तेव्हाच पहिल्यांदा कळलेला. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार होईनासं झालं की रक्तात साखर साठते, पण पेशींना ती वापरता येत नाही. शरीर चरबी जाळू लागतं आणि यकृतातून अ‍ॅसिटोअ‍ॅसेटिक आणि बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरिक ही दोन केटोन आम्लं ओतली जातात. ही आम्लं बायकार्बोनेट खातात. साखर लघवीतून वाहते, सोबत पाणी ओढून नेते, म्हणून ती तहान. नागपूरच्या मे महिन्यात तहानेचं कुणाला आश्चर्य वाटणार? उलटी, ग्लानी, तहान या तिन्हींचा अर्थ आपल्याकडे ऊन लागणं असाच होतो, आणि त्यावरचं घरगुती औषध गुळा-साखरेचं पन्हं. पन्हं पाजणाऱ्यांचा यात दोष नाही. पण सारखी तहान आणि सारखी लघवी, दोन्ही एकत्र दिसली तर ते ऊन नाही. उन्हानं सुकलेल्या मुलाची लघवी कमी होते. हा फरक आपल्या भागातल्या प्रत्येक आईबापाला माहीत असायला हवा.

तुमचा दुसरा प्रश्न, पीकेएचा, या मुलाच्या आकड्यांवरच सोडवू. तुमचं वर्गातलं म्हणणं बरोबर आहे. अंश छेदाच्या वीसपट असलेला बफर बंद भांड्यात आम्लापुढे फार टिकत नाही. मुलाच्या रक्तात बायकार्बोनेट २४ वरून ८ वर आलं, म्हणजे लिटरमागे १६ मिलिमोल आम्ल त्यानं झेललं असं धरू. बंद चंचुपात्रात हे घडलं असतं तर खाल्लेल्या प्रत्येक बायकार्बोनेटमागे एक कार्बन डायऑक्साइड तयार होऊन तिथेच अडकला असता. छेद १.२ अधिक १६, म्हणजे १७.२ झाला असता. आठ भागिले १७.२ म्हणजे ०.४७; लॉग उणे; पीएच ५.८ च्याही खाली. असं रक्त घेऊन माणूस जगत नाही.

पण छातीत भांडं उघडं आहे. तयार झालेला वायू फुप्फुसांतून बाहेर जातो. समजा श्वास नेहमीइतकाच राहिला आणि दाब ४० वर टिकला, एवढंच झालं, तर २४ गुणिले ४० भागिले ८, म्हणजे १२० नॅनोमोल. पीएच ६.९२. नुसतं झाकण उघडं असल्यानं पीएच एका एककाहून जास्त वर आला. तरीही ही पातळी हृदयाला घातक आहे. इथे मेंदू मध्ये पडतो. मेंदूच्या तळाशी आणि मानेतल्या धमन्यांजवळ आम्लाची चव घेणारे संवेदक आहेत. ते श्वास वाढवायला लावतात. दाब ४० वरून २० वर येतो, १२० चे ६० होतात, पीएच ७.२२. पीकेए ६.१ असूनही हा बफर चालतो तो या उघडेपणामुळे. त्याची ताकद रसायनात कमी आहे, छातीच्या भात्यात जास्त आहे. वर्गात बंद आणि उघडं भांडं अशी दोन गणितं शेजारी शेजारी करून दाखवा, मुलांना हा भाग पुन्हा सांगावा लागणार नाही.

म्हणून त्या मुलाचा श्वास हा आजार नव्हता, तो आजाराशी चाललेला झगडा होता. मधुमेहातला हा खोल, संथ न पडणारा श्वास जर्मन डॉक्टर आडोल्फ कुसमाउल यांनी १८७४ साली वर्णन केला आणि आजही तो त्यांच्या नावानं ओळखला जातो. मुलीचा श्वास समतोल बिघडवत होता, मुलाचा श्वास तो सावरत होता. तिला हळू श्वास घ्यायला लावणं हा उपचार होता. त्याला तसं करायला लावलं असतं, किंवा झोपेचं औषध देऊन शांत केलं असतं, तर पीएच ७.२२ वरून ६.९२ कडे घसरला असता. अशा रुग्णाला व्हेंटिलेटरवर घ्यायची वेळ आली आणि यंत्र नेहमीच्या बारा-चौदा श्वासांवर लावलं, तर नेमकं हेच होतं. म्हणून भूलतज्ज्ञ आधी रुग्ण स्वतः किती श्वास घेत होता ते पाहून यंत्र लावतात.

श्वास आपलं काम पुरेसं करतोय का, हेही आकड्यांतून कळतं. आम्लामुळे बायकार्बोनेट उतरलं असेल तर दाब किती असायला हवा याचा डॉक्टरांचा हिशेब आहे : बायकार्बोनेटची दीडपट, त्यात आठ मिळवायचे, दोन इकडे किंवा तिकडे. आठाची दीडपट बारा, अधिक आठ, वीस. मुलाचा दाब बरोबर वीस. त्याची छाती जेवढं करू शकते तेवढं करत होती. तो आकडा ३० आला असता तर हायड्रोजन आयन ९० झाले असते, पीएच ७.०५, आणि डॉक्टरांनी विचारलं असतं की पोर थकतंय का, की छातीत न्यूमोनिया आहे? अशा वेळी रुग्ण ‘आता शांत श्वास घेतोय’ असं नातेवाइकांना वाटतं आणि हायसं होतं. प्रत्यक्षात तो हरत असतो.

एक सावधगिरी. तुम्ही ‘श्वास वाढला’ असं लिहिलंत, पण वेग मोजून सगळं कळत नाही. मुलीचे चोवीस श्वास अर्ध्या लिटरचे होते म्हणून दाब २० झाला. तेच चोवीस श्वास अडीचशे मिलिलिटरचे, उथळ असते, तर प्रत्येकातले दीडशे वाटेतच वाया जाऊन शंभरच पोचले असते. चोवीस गुणिले शंभर, २.४ लिटर. नेहमीच्या ४.२ पेक्षाही कमी. दाब उतरण्याऐवजी ७० कडे चढला असता. घड्याळावर दोन्ही श्वास चोवीसच.

हा उथळ श्वास आणि एकट्या बायकार्बोनेटवर ठेवलेला भरवसा, दोन्ही एकत्र आल्यानं काय होतं ते १९५२ मध्ये कोपनहेगनला दिसलं. शहरात पोलिओची मोठी साथ होती. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं मरत होती. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेटच्या रूपातला एकूण कार्बन डायऑक्साइड जास्त दिसे, म्हणून डॉक्टरांना वाटे की रक्त कसल्या तरी अगम्य कारणानं आम्लारीकडे गेलंय. अंश पाहिला होता, छेद नाही. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं सांगितलं की मुलांना वायू बाहेर टाकता येत नाहीये, रक्त आम्लाकडे गेलंय. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छिद्र पाडायला लावून त्यानं हातानं पिशवी दाबून श्वास द्यायला सुरुवात केली आणि ती सावरली. पुढे शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून अहोरात्र पिशव्या दाबत बसले. आजचे अतिदक्षता विभाग त्या वॉर्डातून उगवले.

आज मनगटाच्या धमनीतून रक्त काढून ‘एबीजी’ करतात. त्यातही जाणून घेण्यासारखी गोष्ट अशी, की यंत्र पीएच आणि दाब मोजतं. कागदावरचं बायकार्बोनेट मोजलेलं नसतं, ते याच समीकरणातून काढलेलं असतं. म्हणून मोजलेल्या दोनपैकी एक आकडा बिघडला की तिसरा आपोआप बिघडतो. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर वायू त्यात निसटतो, दाब कमी आणि पीएच जास्त दिसतो. नमुना तसाच पडून राहिला तर रक्तपेशी जिवंतच असतात, वायू आणि आम्ल तयार करत राहतात, आणि पीएच कमी दिसतो. शिरेतल्या रक्ताची बायकार्बोनेटची वेगळी तपासणी याच्याशी जुळते का, हे म्हणून पाहतात.

पिशवीचा प्रश्न राहिला. काकूंचा तर्क समीकरणाला धरूनच होता : सोडलेला वायू पुन्हा आत घेतला की छेद वाढेल, पीएच उतरेल. पण पिशवीत कार्बन डायऑक्साइड वाढतो तसा ऑक्सिजन घटतो. ज्याची धाप हृदयविकाराची किंवा फुप्फुसाच्या आजाराची आहे आणि बाहेरून भीतीची वाटतेय, त्याचा ऑक्सिजन आधीच कमी असतो. अशा रुग्णांना पिशवी दिल्यावर मृत्यू ओढवल्याची नोंद १९८९ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय नियतकालिकात आली, आणि तेव्हापासून डॉक्टर ती टाळतात. आणि गल्लीतल्या मुलाला ती लावली असती तर ज्या एका दारानं त्याचं आम्ल बाहेर जात होतं तेच बंद केलं असतं. बाहेरून पाहणाऱ्याला मुलगी कोण आणि मुलगा कोण, हे ठरवता येत नाही. तुमच्या डॉक्टरांनी पिशवी बाजूला ठेवून आधी तपासलं ते म्हणूनच. भीतीचा श्वास असल्याची खात्री झाल्यावर बोलतं करणं आणि श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला दुप्पट वेळ लावणं पुरतं. दाब काही मिनिटांत वर येतो, कॅल्शियम सुटतं, हात मोकळे होतात.

कुणी विचारतं, आम्ल झालंय तर खायचा सोडा द्यावा का? तोही बायकार्बोनेटच ना? नको. सोडा आम्लाशी मिळून पुन्हा कार्बन डायऑक्साइडच तयार करतो, आणि तो बाहेर टाकायचं ओझं त्याच थकलेल्या छातीवर पडतं. रुग्णालयातही शिरेतून सोडा शक्यतो देत नाहीत, पीएच ६.९ च्या खाली गेला तरच विचार करतात. खरा उपाय सलाइन, इन्सुलिन आणि सोबत पोटॅशियमवर करडी नजर. इन्सुलिन मिळालं की केटोन तयार होणं थांबतं, साठलेले केटोन जळतात आणि त्यांच्या जळण्यातूनच शरीर बायकार्बोनेट परत उभं करतं. मग श्वास आपोआप मंदावतो. त्याला कुणी मंद करावं लागत नाही.

त्या मुलाला आता रोज इन्सुलिन लागेल. एखाद-दोन दिवस चुकलं तरी कार्डावरचे तेच आकडे परत येऊ शकतात. घरची ओढाताण असेल तर त्याच्या आईवडिलांना सांगा, की डॉ. शरद पेंडसे यांनी नागपुरात उभा केलेला ‘ड्रीम ट्रस्ट’ गरीब घरांतल्या टाइप वन मधुमेही मुलांना इन्सुलिन देतो.

आणि गल्लीतल्या सगळ्यांना एवढं सांगा : मूल किंवा मोठं माणूस खोल, भराभर श्वास घेत असेल आणि त्यासोबत उलट्या, पोटदुखी, तहान किंवा तोंडाला पिकल्या फळासारखा वास असेल, तर पन्हं नको, पिशवी नको. जवळ ज्याच्याकडे ग्लुकोमीटर असेल तो मागवा, बोटाच्या थेंबावर साखर पाहा. आकडा २५० च्या वर असेल तर डॉक्टर घरी येण्याची वाट पाहू नका. गाडी काढा आणि त्याच तासात मोठं रुग्णालय गाठा. ग्लुकोमीटर मिळाला नाही, तरी थांबू नका.